स्पॅन आणि स्तर विश्लेषण: आठ स्तरांवरून सहा स्तरांवर

प्रति: व्यवस्थापकीय संचालक आणि संचालक मंडळ
प्रेषक: मनुष्यबळ विभागप्रमुख
विषय: चाकण व रांजणगाव प्रकल्पांतील रिपोर्टिंग रचनेचा आढावा आणि बदलाचा प्रस्ताव

मंडळाने विचारलेला प्रश्न साधा होता: आपल्याकडे मॅनेजर जास्त आहेत का? सरासरी पाहिली तर उत्तर ‘थोडे जास्त’ असं येतं. कायमस्वरूपी ६१२ माणसं, त्यातल्या ११८ जणांच्या हाताखाली किमान एक जण. या ११८ जणांना इथे मॅनेजर म्हटलं आहे, आणि प्रत्येकाच्या हाताखाली थेट किती माणसं हा त्याचा स्पॅन, तो सरासरी ५.२. एवढ्यावर थांबलो असतो तर ‘सगळीकडे थोडी छाटणी करू’ असा निर्णय झाला असता आणि तो चुकला असता. मधल्या स्तरांवर मॅनेजर खरोखर जास्त आहेत. शॉप फ्लोअरवर मात्र ते कमी पडतात.

३१ मार्चच्या वेतनपटातील प्रत्येक कर्मचाऱ्याच्या थेट वरिष्ठाची नोंद घेऊन हा तक्ता केला. डॉटेड लाइनचं रिपोर्टिंग आणि रिकाम्या जागा मोजल्या नाहीत. ज्याची रजा जो मंजूर करतो आणि वार्षिक मूल्यमापनावर ज्याची सही असते, तोच वरिष्ठ धरला. १४ ठिकाणी या दोन सह्या दोन वेगळ्या माणसांच्या निघाल्या. तिथे संबंधितांना विचारून नोंद दुरुस्त केली.

| स्तर | पद | माणसं | त्यांपैकी मॅनेजर | सरासरी स्पॅन |
|---|---|---|---|---|
| १ | व्यवस्थापकीय संचालक | १ | १ | ६.० |
| २ | विभागप्रमुख, प्लांट हेड | ६ | ६ | २.२ |
| ३ | डीजीएम | १३ | १२ | २.० |
| ४ | सीनियर मॅनेजर | २४ | २० | २.१ |
| ५ | मॅनेजर | ४१ | ३३ | २.९ |
| ६ | असिस्टंट मॅनेजर | ९६ | २८ | ७.३ |
| ७ | सुपरवायझर, इंजिनिअर, ऑफिस स्टाफ | २०३ | १८ | १२.७ |
| ८ | ऑपरेटर | २२८ | – | – |

स्तर २ ते ५ मधले ७१ मॅनेजर मिळून १७४ माणसं सांभाळतात, म्हणजे प्रत्येकी अडीचसुद्धा नाहीत. त्यातल्या १९ जणांच्या हाताखाली एकच माणूस आहे. यात त्या १९ जणांचा काहीच दोष नाही. आपल्या ग्रेड-पद्धतीत ठरावीक पगाराच्या वर जायचं तर हाताखाली कोणीतरी दाखवावं लागतं. चांगला डिझाइन इंजिनिअर सोडून जाऊ नये म्हणून त्याला सीनियर मॅनेजर केलं आणि नियमाला धरून एक ज्युनिअर त्याच्याखाली दिला. हे वर्षानुवर्षं चालत आलं आणि त्यातून दोन अख्खे स्तर उभे राहिले.

या स्तरांचा रोजच्या कामावर काय परिणाम होतो, ते खरेदीच्या मागण्यांत दिसतं. चाकणच्या मशीन शॉपमध्ये सीएनसी लेथसाठी ३८,००० रुपयांच्या इन्सर्टची मागणी सुपरवायझरने सोमवारी टाकली. ती स्टोअर्सला पोचली पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी. मधे पाच सह्या. तोवर जुन्याच इन्सर्टवर काम रेटलं गेलं आणि बोअरचं फिनिश बिघडल्याने एक लॉट रीवर्कला गेला. जानेवारी ते मार्चमधल्या अशा ६० मागण्या तपासल्या. स्तर ३ आणि ४ वर मिळून फक्त तीन मागण्यांत काही बदल झाला, बाकीच्या ५७ जशाच्या तशा वर गेल्या. सही करणारे निष्काळजी नव्हते. त्यांच्या आधी ज्याने पाहिलं त्याच्यापेक्षा त्यांना वेगळं काही दिसणारच नव्हतं.

स्तर ७ वरचे १८ शिफ्ट सुपरवायझर वेतनपटानुसार प्रत्येकी १२.७ माणसं सांभाळतात. हा आकडा वस्तुस्थितीपेक्षा फार सौम्य आहे, कारण त्यात २९० कंत्राटी कामगार धरलेले नाहीत. कागदावर त्यांची देखरेख कंत्राटदाराचा सुपरवायझर करतो. प्रत्यक्षात, विशेषतः रात्रपाळीला, सूचना आपलाच माणूस देतो. सगळे धरले तर एका सुपरवायझरमागे जवळपास २९ माणसं येतात. नवीन ऑपरेटरला मशीनवर उभं राहून शिकवायला त्याला वेळ मिळत नाही, आणि हीच या अहवालातली माझ्या मते सर्वांत गंभीर नोंद आहे. कंत्राटी कामगारांवर मुख्य मालकाचं थेट नियंत्रण असणं हा कायद्याच्या दृष्टीनेही नाजूक मुद्दा आहे. रचना बदलो वा न बदलो, त्यावर कायदेशीर सल्ला लगेच घ्यावा.

सगळीकडे एकच आदर्श स्पॅन लावू नये. व्यवस्थापनतज्ज्ञ ग्रेइकुनास यांनी १९३३ मध्ये मांडलेलं गणित इथे उपयोगी पडतं. हाताखाली पाच माणसं असली तर वरिष्ठाला सांभाळावे लागणारे परस्परसंबंध १०० होतात, सहावा आला की २२२. पण हे गणित जिथे माणसं एकमेकांच्या कामात गुंतलेली असतात तिथलं, उदाहरणार्थ नवीन भागाच्या विकासात. एकाच प्रकारच्या मशीनवर, ठरलेल्या कार्यपद्धतीने काम करणाऱ्यांत हे गुंते कमी असतात, म्हणून तिथे मोठा स्पॅन चालतो. टूलरूममध्ये काम हाताला धरून शिकवावं लागतं. तिथला चार-पाचचा स्पॅन तसाच ठेवावा.

प्रस्ताव असा आहे. डीजीएम आणि सीनियर मॅनेजर हे दोन्ही रिपोर्टिंग स्तर काढावेत. सहा विभागप्रमुखांखाली थेट ३१ मॅनेजर येतील. असिस्टंट मॅनेजर स्तरावरची २८ मॅनेजरपदं कायम राहतील. फ्लोअरवर १८ ऐवजी २६ लाइन लीडर असतील. वाढीव आठ जण आपल्याच डिप्लोमा इंजिनिअरांतून निवडावेत. मॅनेजरपदं ११८ वरून ९२ होतील आणि सरासरी स्पॅन ६.६. कंत्राटी कामगार धरूनही फ्लोअरवरचा आकडा २९ वरून विसाच्या आत येईल. तो अजूनही जास्तच आहे, पण रात्रपाळीला दिसेल इतका फरक पडेल.

मधल्या ३४ जणांकडे थेट रिपोर्ट राहणार नाहीत. त्यातले सहा जण दीड वर्षाच्या आत निवृत्त होत आहेत, सात जणांना रांजणगावातल्या रिकाम्या तांत्रिक जागा देता येतील, आणि २१ जणांसाठी विशेषज्ञ श्रेणी सुरू करावी. या श्रेणीत पगार, गाडी-भत्ता आणि पुढची बढती मॅनेजरच्या बरोबरीने असावी. कोणाचाही पगार कमी होऊ नये आणि कोणालाही काढू नये, ही माझी ठाम शिफारस आहे. यंदाच्या बजेटमध्ये यातून कोणतीही बचत धरू नये; आठ लाइन लीडरच्या भत्त्यामुळे खर्च उलट थोडा वाढेल.

गुणवत्ता विभाग उत्पादनाखाली आणून आणखी एक विभागप्रमुख कमी करावा, अशी सूचना चर्चेत आली होती. ती मी स्वीकारलेली नाही. आयएटीएफ १६९४९ मानकानुसार गुणवत्तेची जबाबदारी असलेल्यांना उत्पादन आणि माल पाठवणं थांबवण्याचा अधिकार असावा लागतो. महिनाअखेरीस डिस्पॅचचं टार्गेट ज्याच्या डोक्यावर आहे, त्याच्याच हाताखाली बसून हा अधिकार कोणी वापरेल असं मला वाटत नाही.

मंडळाकडून तीन मंजुऱ्या हव्या आहेत, याच क्रमाने. आधी सहीच्या मर्यादा: ५०,००० रुपयांपर्यंतची मागणी असिस्टंट मॅनेजरच्या एका सहीवर आणि दोन लाखांपर्यंतची मॅनेजरच्या सहीवर संपावी. मग विशेषज्ञ श्रेणीचे नियम आणि वेतनरचना. रिपोर्टिंगमधला बदल सर्वांत शेवटी, आणि तोही आधी चाकणच्या मशीन शॉपमध्ये एक तिमाही राबवून. श्रेणी तयार नसताना नवा तक्ता जाहीर झाला, तर ३४ अनुभवी माणसांना तो आपल्या पदावनतीचा कागद वाटेल. म्हणून तक्ता सूचना फलकावर लागण्याआधी त्या प्रत्येकाशी त्याच्या विभागप्रमुखाने आणि मी समोरासमोर बसून बोलायचं आहे. त्यासाठी दोन आठवडे राखून ठेवले आहेत.