कोजागिरीचं आभारप्रदर्शन, यादी खिशात ठेवून

बसा बसा, उठू नका, दूध कुठं पळून जात नाहीये. दहाला बारा मिनिटं आहेत, दहाला माईक बंद करायचाय, त्यामुळं मी आटपतं घेतो.

सेक्रेटरींनी मला एक्केचाळीस नावांची यादी दिलीय, ती खिशात आहे. दरवर्षी मीच ती वाचतो आणि दरवर्षी कुणाचं तरी नाव राहतं, मग पुढच्या गणपतीपर्यंत ते माझ्याशी धड बोलत नाहीत. तर आज वाचत नाही. वर्गणी देणाऱ्यांची नावं मागं फलकावर मोठ्या अक्षरात आहेतच, त्यांचे मनापासून आभार, यंदा एकाच्याही दारी दोनदा जावं लागलं नाही.

मला सांगायचंय ते ह्या तानपुऱ्याचं. हा आपल्या कोपऱ्यावरच्या आजोबांचा, २०१९ च्या पुरात दोन दिवस पाण्यात होता, भोपळ्याचा जोड सुटला होता, आजोबा गेल्यावर तो तसाच माळ्यावर पडून. यंदा आजींनी स्वतःहून विचारलं की गाण्याला चालेल का रे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नेला तर तिथले चाचा म्हणाले, पैशाचं नंतर बघू, आधी ह्याचा आवाज ऐकू दे. आज दुपारी चारला ते स्कूटरवरून स्वतः आले, जवारी नीट लागली नव्हती म्हणून घोडीवर तारांखाली दोरा सरकवत तासभर पायरीवर बसले, चहासुद्धा गार झाला त्यांचा. चाचा, तुम्ही तिकडं खांबामागं उभे आहात, दिसताय मला. आणि आजी, पहिला सा लागला तेव्हा तुम्ही डोळ्याला पदर लावलात, तेही दिसलं.

बाकी पटापट. चाळीस लिटर दूध सातपासून ढवळणाऱ्या तिघी वहिनी, त्यांना एकही गाणं धड ऐकता आलं नाही, चुलीच्या धुरात बसून त्यांनी फक्त टाळ्या ऐकल्या. पुढच्या वर्षी ढवळायला पुरुष मंडळी, हे मी आत्ताच जाहीर करतो, घरी जाऊन मार खाईन. दुसऱ्या पदाला लाइट गेली तेव्हा आमची बारावीची गायिका थांबली नाही, अंधारात तशीच गात राहिली, आणि जनरेटरवाल्या पोरानं दोरी ओढून ओढून हाताला फोड आणले. पाहुण्यांना आम्ही स्टेजवर खुर्ची ठेवली होती, ते खाली सतरंजीवर येऊन बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत, त्यांचं भाषण चार मिनिटांचं होतं, त्याबद्दल तर वेगळे आभार!

समोरच्या घरात आजारी माणूस आहे. तरी त्यांनी स्पीकरचं तोंड फिरवा एवढंच सांगितलं, बंद करा म्हणाले नाहीत. पहिला पेला त्यांच्या घरी जाईल.

सतरंज्या उद्या सकाळी सातला गोळा करायच्यात. जे येतील त्यांचे आभार उद्या, तिथंच.