स्पायरोमेट्री प्रात्यक्षिक अहवाल: बारा विद्यार्थ्यांची फुप्फुसांची आकारमाने, उंची आणि लिंग

उद्देश

निरोगी तरुण विद्यार्थ्यांची टायडल व्हॉल्यूम, इन्स्पिरेटरी रिझर्व्ह व्हॉल्यूम, एक्स्पिरेटरी रिझर्व्ह व्हॉल्यूम आणि व्हायटल कपॅसिटी मोजणे, आणि व्हायटल कपॅसिटीतला फरक उंची व लिंग यांच्याशी कसा जुळतो ते पाहणे.

उपकरण आणि पद्धत

पाण्याची बंदिस्ती असलेला स्पायरोमीटर वापरला. टाकीची हालचाल सेन्सरमधून संगणकावर नोंदली गेली आणि आकडे ०.०१ लिटरपर्यंत वाचता आले. सुरुवातीला ३ लिटरच्या कॅलिब्रेशन सिरिंजने तीनदा तपासणी केली. वाचने २.९६, ३.०२ आणि २.९८ लिटर आली. ३ टक्क्यांची मुभा धरली तर २.९१ ते ३.०९ ही मर्यादा येते, आणि तिन्ही वाचने तिच्या आत आहेत.

सर्व सहभागी १८ ते २० वर्षांचे होते, त्यामुळे या अहवालात वयाचा वेगळा विचार केलेला नाही. उंची बूट काढून, भिंतीला टाच व पाठ टेकवून मोजली. सांगोवांगीची उंची कुणाचीही घेतली नाही. लिंगाची नोंद प्रत्येकाने स्वतः केली. नाकाला क्लिप लावून आणि प्रत्येकाला नवा मुखनळा देऊन, उभ्या स्थितीत मोजणी केली. आधी पाच शांत श्वास, मग पूर्ण खोल श्वास आणि त्यानंतर घाई न करता संपूर्ण उच्छ्वास, असा क्रम ठेवला. प्रत्येकाकडून किमान तीन समाधानकारक प्रयत्न घेतले. सर्वांत मोठ्या दोन व्हायटल कपॅसिटी एकमेकींपासून ०.१५ लिटरपेक्षा जास्त दूर असतील तर आणखी प्रयत्न करायला लावले, मात्र आठच्या पुढे कुणालाही नेले नाही. अहवालात सर्वांत मोठे मूल्य घेतले आहे, सरासरी नाही. व्हायटल कपॅसिटी म्हणजे त्या व्यक्तीला जमलेली कमाल, आणि अर्धवट प्रयत्न सरासरीत मिसळले की ती खाली ओढली जाते.

टाकीतली हवा खोलीच्या तापमानाला, म्हणजे २७ अंश सेल्सिअसला होती. फुप्फुसातली हवा मात्र ३७ अंशांची आणि बाष्पाने संपृक्त असते. म्हणून प्रत्येक वाचनाला १.०६३ या बीटीपीएस गुणकाने गुणले आहे. उदाहरणार्थ, १७१ सेंमी उंचीच्या विद्यार्थिनीचे यंत्रावरील वाचन ३.५० लिटर होते. ३.५० × १.०६३ = ३.७२ लिटर. खालचे सर्व आकडे असे दुरुस्त केलेले आहेत. दुरुस्त न केलेला आकडा दुसऱ्या कुणाच्या दुरुस्त आकड्याशेजारी ठेवला, तर ६ टक्क्यांचा खोटा फरक फुकट मिळतो.

तेरा जणांनी नावे दिली होती. एका विद्यार्थ्याला त्या दिवशी सर्दी-खोकला होता आणि पूर्ण उच्छ्वासात दर वेळी खोकल्याची उबळ येत होती, म्हणून त्याची मोजणी थांबवली. त्याचे आकडे कुठेही धरलेले नाहीत.

निरीक्षणे

गटात फक्त बारा जण आहेत, त्यामुळे उंची आणि लिंग एकत्र दिले की वर्गातल्या कुणालाही माणूस ओळखता येईल. हे सर्वांना आधी सांगून प्रत्येकाची संमती घेतली आहे. नावे व हजेरी क्रमांक वगळले आहेत.

| स्त्री: उंची (सेंमी) | व्हायटल कपॅसिटी (लिटर) | पुरुष: उंची (सेंमी) | व्हायटल कपॅसिटी (लिटर) |
|---|---|---|---|
| १४९ | २.५२ | १६३ | ३.६१ |
| १५४ | २.८१ | १६७ | ४.०२ |
| १५७ | २.७८ | १७० | ३.८८ |
| १६० | ३.१८ | १७२ | ४.३५ |
| १६४ | ३.३५ | १७६ | ४.६१ |
| १७१ | ३.७२ | १८१ | ४.९३ |

सहा विद्यार्थिनींची सरासरी उंची १५९.२ सेंमी आणि सरासरी व्हायटल कपॅसिटी ३.०६ लिटर (प्रमाण विचलन ०.४४) आली. सहा विद्यार्थ्यांची सरासरी उंची १७१.५ सेंमी आणि सरासरी व्हायटल कपॅसिटी ४.२३ लिटर (प्रमाण विचलन ०.४९) आली.

घटकांच्या सरासऱ्या अशा: विद्यार्थिनींमध्ये टायडल व्हॉल्यूम ०.४६, इन्स्पिरेटरी रिझर्व्ह १.७२ आणि एक्स्पिरेटरी रिझर्व्ह ०.८८ लिटर. विद्यार्थ्यांमध्ये त्याच क्रमाने ०.५५, २.४८ आणि १.२० लिटर. दोन्ही गटांत तिन्हींची बेरीज व्हायटल कपॅसिटीइतकी येते. टायडल व्हॉल्यूमच्या फरकावर फार भर देऊ नये. मुखनळा तोंडात आणि वर्ग समोर असला की शांत श्वास तितकासा शांत राहत नाही.

उंचीनुसार फरक

दोन्ही गटांत उंच व्यक्तींची व्हायटल कपॅसिटी साधारणपणे जास्त आढळली. सरळ रेषा बसवली असता विद्यार्थिनींमध्ये दर १ सेंमी जास्त उंचीमागे सरासरी ५६ मिली आणि विद्यार्थ्यांमध्ये ७४ मिली जास्त क्षमता दिसते. हे वेगवेगळ्या माणसांची एकमेकांशी केलेली तुलना आहे. ‘उंची १ सेंमीने वाढली की क्षमता ५६ मिलीने वाढते’ असे त्यावरून लिहिता येत नाही, कारण एकाही व्यक्तीची वाढ आपण मोजलेली नाही.

नात्याला अपवादही आहेत. १५७ सेंमीच्या विद्यार्थिनीची क्षमता १५४ सेंमीच्या विद्यार्थिनीपेक्षा किंचित कमी आहे, आणि १७० सेंमीच्या विद्यार्थ्याची १६७ सेंमीच्या विद्यार्थ्यापेक्षा ०.१४ लिटरने कमी. पहिला फरक ०.०३ लिटरचा आहे. एकाच व्यक्तीच्या दोन प्रयत्नांत आपण ०.१५ लिटरपर्यंत तफावत चालवून घेतली आहे, तेव्हा या ०.०३ ला काही अर्थ देऊ नये.

व्हायटल कपॅसिटी उंचीबरोबर जवळपास सरळ रेषेत वाढते, हे जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली आपल्या स्पायरोमीटरच्या मोजणीतून दाखवले होते. आपले बारा आकडे त्या निरीक्षणाशी सुसंगत आहेत, एवढेच म्हणता येईल. ‘सिद्ध झाले’ असे लिहिण्याइतके ते पुरेसे नाहीत.

लिंगानुसार फरक

दोन्ही गटांच्या सरासरीत १.१७ लिटरचा फरक आहे. हाच फरक ‘विद्यार्थिनींची क्षमता २८ टक्क्यांनी कमी’ असा लिहिता येतो, आणि ‘विद्यार्थ्यांची ३८ टक्क्यांनी जास्त’ असाही. दोन्ही गणिते बरोबर आहेत, फक्त भागायला घेतलेला आकडा वेगळा आहे. म्हणून या अहवालात टक्के न देता लिटरच दिले आहेत.

मात्र १.१७ लिटर हा लिंगाचा परिणाम म्हणून मांडणे चुकीचे ठरेल. दोन्ही गटांच्या सरासरी उंचीतच १२.३ सेंमीचे अंतर आहे. ज्या पट्ट्यात दोन्हीकडचे लोक सापडतात, म्हणजे १६३ ते १७१ सेंमी, तिथे दोन विद्यार्थिनींची सरासरी ३.५४ लिटर आणि तीन विद्यार्थ्यांची ३.८४ लिटर आहे. इथे फरक ०.३० लिटरवर येतो. शिवाय १७१ सेंमीच्या विद्यार्थिनीची क्षमता (३.७२) १६३ सेंमीच्या विद्यार्थ्यापेक्षा (३.६१) जास्त आहे.

दोन आणि तीन माणसांवर फार विसंबता येत नाही, म्हणून सर्व बारा आकडे धरून आणि दोन्ही गटांना एकच उतार मानून उंचीची दुरुस्ती केली. उरलेला फरक ०.३९ लिटर आला, ९५ टक्के विश्वास-अंतराल ०.१६ ते ०.६३ लिटर. अहवालातले मुख्य वाक्य म्हणून आम्ही हे देतो:

*या गटात समान उंची गृहीत धरल्यास विद्यार्थ्यांची व्हायटल कपॅसिटी विद्यार्थिनींपेक्षा सरासरी सुमारे ०.४ लिटर जास्त आढळली. कच्च्या सरासरीतील १.१७ लिटर फरकापैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग उंचीच्या फरकाशी जुळतो.*

वाक्यात ‘जुळतो’ हे क्रियापद मुद्दाम ठेवले आहे. ‘उंचीमुळे’ असे लिहिले, तर उंची बदलून परिणाम पाहिल्यासारखा अर्थ निघतो. उरलेल्या ०.३९ लिटरलाही ‘लिंगामुळे’ हे लेबल लावलेले नाही. प्रौढांमध्ये समान उंचीला स्त्रियांच्या छातीच्या पिंजऱ्याचे आणि फुप्फुसांचे आकारमान सरासरीने लहान असते हे माहीत आहे, आणि आपला आकडा त्याच दिशेचा आहे. पण धडाची लांबी, खेळाची सवय, धूम्रपान आणि लहानपणीचे श्वसनाचे आजार यांतले काहीच इथे नोंदलेले नाही. हे घटक दोन्ही गटांत सारखेच होते असे मानायला आधार नाही.

‘विद्यार्थिनींची फुप्फुसे कमजोर’, ‘कार्यक्षमता कमी’ अशा शब्दांना या प्रात्यक्षिकात जागा नाही. आपण हवेचे आकारमान मोजले. ऑक्सिजन किती शोषला जातो किंवा श्रम किती झेपतात ते मोजले नाही. शरीर लहान आणि फुप्फुसे त्या मानाने लहान, यात कमजोरी कुठली?

या काळजीला इतिहासही आहे. अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्पायरोमीटरचे आकडे कृष्णवर्णीयांच्या फुप्फुसांतली ‘उणीव’ म्हणून मांडले आणि गुलामगिरीच्या समर्थनासाठी वापरले. वंशानुसार दुरुस्ती पुढे कितीतरी दशके यंत्रांत राहिली. ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्हच्या २०१२ च्या समीकरणांत वय, उंची आणि लिंग यांच्यासोबत वांशिक गटही होता. २०२२ च्या समीकरणांतून तो वगळला, वय, उंची आणि लिंग मात्र ठेवले. गटाच्या नावावर लिहिलेला सरासरी फरक किती काळ टिकतो आणि कुठे पोहोचतो, हे त्यावरून दिसते.

वैयक्तिक मूल्यांबद्दल

कुणाच्याही आकड्यापुढे ‘नॉर्मल’ किंवा ‘कमी’ असा शेरा मारलेला नाही. तसा शेरा द्यायचा तर वय, उंची व लिंगानुसार संदर्भमूल्य काढून झेड-स्कोअर पाहावा लागतो, आणि सामान्यतः −१.६४५ ही खालची मर्यादा धरली जाते. त्या व्याख्येनेच निरोगी लोकांपैकी सुमारे ५ टक्के मर्यादेखाली येतात. १४९ सेंमीच्या विद्यार्थिनीचे २.५२ लिटर हे वर्गात सर्वांत कमी आहे, पण ती वर्गात सर्वांत कमी उंचीचीही आहे आणि तिच्या गटाच्या रेषेपासून ०.०३ लिटरच्या आतच आहे. तिच्याबद्दल लिहिण्यासारखे यापलीकडे काही नाही.

मर्यादा

सहभागी स्वेच्छेने आले, निवड यादृच्छिक नव्हती. संख्या लहान आहे आणि दोन्ही गटांच्या उंचीचा सामाईक पट्टा जेमतेम ८ सेंमीचा आहे. त्यामुळे दोन उतारांतला फरक (५६ आणि ७४ मिली) खरा की योगायोगाचा, हे ठरवलेले नाही.

रेसिड्युअल व्हॉल्यूम स्पायरोमीटरने मोजता येत नाही, कारण ती हवा यंत्रात कधी येतच नाही. म्हणून एकूण फुप्फुस क्षमता आणि फंक्शनल रेसिड्युअल कपॅसिटी हे रकाने अहवालात नाहीत. पुस्तकातला १.२ लिटर हा ठोकळ आकडा प्रत्येकाच्या व्हायटल कपॅसिटीत मिळवून ते भरता आले असते. पण मग स्त्री-पुरुष आणि उंच-ठेंगण्या सर्वांना एकच रेसिड्युअल व्हॉल्यूम दिल्यासारखे झाले असते. त्या मोजणीला हीलियम डायल्यूशन किंवा बॉडी प्लेथिस्मोग्राफ लागतो, आणि यांपैकी काही या प्रात्यक्षिकात वापरलेले नाही.