तक्रार निवारण कक्षाच्या वार्षिक मूल्यमापनातील शेऱ्यांचे सुधारित लेखन

नाशिक, दि. ९ एप्रिल २०२५

प्रति,
टीम लीड, ग्राहक तक्रार निवारण कक्ष, मुख्य कार्यालय

विषय : १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या कालावधीचे कार्यमूल्यमापन

महोदय,

आपल्या कक्षातील सहा कर्मचाऱ्यांविषयी आपण व्हॉट्सॲपवर पाठवलेले शेरे मिळाले. मूल्यमापनाचा अर्ज कर्मचाऱ्याला वाचायला मिळतो, त्यावर त्याची सही घेतली जाते आणि पुढे बढतीच्या वेळी आपल्याला न ओळखणारी समितीही तोच कागद पाहते. त्यामुळे हे शेरे आहेत तसे अर्जात उतरवता आले नाहीत. कक्षाच्या तक्रार नोंदी, हजेरीपट आणि आपण सुचवलेल्या काही कॉलची ध्वनिमुद्रणे तपासून त्यांचे पुनर्लेखन केले आहे. उणिवा झाकण्याचा यात हेतू नाही. उलट दोन ठिकाणी सुधारित मजकूर आपल्या शेऱ्यापेक्षा अधिक परखड झाला आहे. अर्जात नावे असतीलच, म्हणून येथे प्रत्येकाचा उल्लेख पदाने आणि पाळीने केला आहे.

सकाळच्या पाळीतील वरिष्ठ सहायकांविषयी आपण लिहिले आहे : “फोनवर फार वेळ घालवतो. एकेका म्हाताऱ्याशी गप्पा मारत बसतो. स्पीडच नाही.” ध्वनिमुद्रणे ऐकल्यावर या शेऱ्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्याचे दिसले. त्यांचे सर्वांत लांबलेले कॉल ज्येष्ठ खातेदारांचे आहेत हे खरे. पण त्यातील बहुतेक तक्रारी एटीएममधून रोकड न मिळता रक्कम खात्याला नावे पडल्याच्या आहेत. अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा झाली पाहिजे आणि त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई खातेदाराने न मागता दिली पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये घालून दिलेला नियम ते प्रत्येकाला सावकाश समजावून सांगतात, आणि त्या खातेदारांचा त्याच कामासाठी पुन्हा फोन आल्याची नोंद जवळपास नाही. मोबाइल क्रमांक बदलणे, चेकबुकची मागणी यांसारख्या साध्या कॉलमध्ये मात्र कोणता अर्ज लागतो हे शोधताना ते खातेदाराला वारंवार थांबवून ठेवतात. खरी उणीव ही आहे. सुधारित मजकूर असा :

“अयशस्वी व्यवहारांच्या तक्रारी आपण संयमाने आणि नियमांच्या पक्क्या माहितीसह हाताळता. खातेदाराला मुदत आणि भरपाई दोन्ही समजल्यामुळे पुन्हा येणारे फोन टळतात, ही आपल्या कामाची जमेची बाजू आहे. नेहमीच्या सेवांविषयीच्या कॉलमध्ये मात्र अर्ज आणि कागदपत्रांची माहिती शोधण्यात वेळ जातो आणि तेवढा काळ इतर खातेदार रांगेत राहतात. पहिल्या तिमाहीअखेर या सेवांची माहिती तोंडपाठ व्हावी, यासाठी टीम लीड आपल्याला एकपानी तक्ता देतील.”

हा तक्ता अद्याप अस्तित्वात नाही. तो आपल्यालाच तयार करावा लागेल.

दुपारच्या पाळीतील सहायक महिलेविषयीचा शेरा सर्वांत अडचणीचा आहे : “हुशार आहे, पण ॲटिट्यूड फार. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उलट बोलते.” कोणता प्रसंग, असे मी दूरध्वनीवर विचारले असता आपण सप्टेंबरच्या आढावा बैठकीचा उल्लेख केलात. त्या बैठकीचे इतिवृत्त मी वाचले. तक्रार स्विच पुरवठादाराकडे पाठवताच आपल्या प्रणालीत ती ‘निकाली’ दाखवली जात होती. रक्कम खात्यात जमा होण्यापूर्वी तक्रार बंद करणे चुकीचे आहे, असा आक्षेप त्यांनी घेतला होता. तो आक्षेप योग्य होता. पाच दिवसांची मुदत रक्कम जमा झाल्यावरच पाळली गेली असे म्हणता येते. तक्रार पुरवठादाराकडे पाठवल्याने ती पाळली जात नाही. आधीच बंद केलेल्या तक्रारीत भरपाई देय झाली की नाही, हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. ऑक्टोबरपासून आपण स्वतःच ही पद्धत बदललीत, हेही नोंदीतून दिसते. ज्या सूचनेवरून कक्षाची कार्यपद्धती सुधारली, तीच सूचना करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नावे दोष म्हणून लिहिणे न्यायाला धरून होणार नाही.

याच कर्मचाऱ्याविषयी आपण सांगितलेली दुसरी घटना मात्र नोंदवण्याजोगी आहे. जानेवारीत नव्याने रुजू झालेल्या प्रशिक्षणार्थीने चुकीच्या खात्यावर तक्रार नोंदवली, तेव्हा त्यांनी सर्वांदेखत “एवढं पण कळत नाही का” असे सुनावले आणि त्यानंतर तो प्रशिक्षणार्थी शंका विचारण्यासाठी त्यांच्याकडे जाईनासा झाला. म्हणून अर्जात दोन्ही बाबी स्वतंत्रपणे याव्यात :

“रक्कम जमा होण्यापूर्वी तक्रारी बंद करण्याच्या पद्धतीतील त्रुटी आपण सप्टेंबर २०२४ च्या बैठकीत मांडली आणि त्यानुसार कक्षाने पद्धत बदलली, या पुढाकाराची विशेष नोंद घेतली आहे. जानेवारी २०२५ मध्ये प्रशिक्षणार्थीची चूक आपण इतरांसमोर ज्या शब्दांत दाखवली, त्यामुळे त्याने नंतर आपल्याकडे शंका विचारणे थांबवले. आपल्या ज्ञानाचा कक्षाला उपयोग व्हायचा असेल तर कनिष्ठांना आपल्यापर्यंत येता आले पाहिजे. चूक लगेच दाखवावी, मात्र ती शेजारी बसून आणि दुरुस्ती कशी करायची हे सांगून दाखवावी.”

हा मजकूर आपल्या शेऱ्याहून कडक वाटेल. तो तसा असावा असे माझे मत आहे, कारण यात त्यांना नाकारता येणार नाही अशी घटना आहे.

“सारखा लेट. सांगून सांगून थकलो.” हा शेरा सिन्नरहून येणाऱ्या लिपिकाविषयी आहे. हजेरीपटानुसार त्यांचे सर्व उशीर सात वाजताच्या पाळीतले आहेत. दुपारच्या पाळीत त्यांना एकदाही उशीर झालेला नाही. सात ते साडेसात या वेळात कक्षात एकच जण असतो आणि रात्रीतून पैसे गेल्याचे सकाळी लक्षात आलेले खातेदार याच वेळी कार्ड बंद करण्यासाठी फोन करतात. म्हणून उशिराची बाब सौम्य करून चालणार नाही. परंतु ‘सारखा’ या शब्दाऐवजी तारखा द्याव्यात, आणि पाळी बदलणे आपल्या अधिकारात असल्याने त्याचा उल्लेखही करावा :

“सकाळच्या पाळीत सोबत जोडलेल्या तारखांना आपण उशिरा आलात. त्या काळात दूरध्वनी घेणारे कुणी नसल्यामुळे कार्ड बंद करण्याच्या विनंत्या खोळंबण्याचा धोका निर्माण झाला. एप्रिल ते जूनसाठी आपल्याला दुपारची पाळी देण्यात येत आहे. त्यानंतर सकाळच्या पाळीत येणे शक्य आहे किंवा नाही, हे आपण १५ जूनपूर्वी लेखी कळवावे.”

“सांगून सांगून थकलो” हे अर्जात येणार नाही. यापूर्वी लेखी सूचना दिली असल्यास तिची प्रत जोडावी. नसल्यास तोंडी सूचनांचा आधार घेऊ नये.

“बाळंतपणाच्या रजेवर होती, अर्धं वर्ष गेलंच. ३ देऊ.” हा शेरा मी पूर्ण काढून टाकला आहे आणि तो कोणत्याही स्वरूपात परत येऊ नये, अशी स्पष्ट विनंती आहे. २६ आठवड्यांची रजा हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तिच्यामुळे गुण कमी करता येत नाहीत आणि तिचा उल्लेखही मूल्यमापनात करायचा नसतो. प्रत्यक्ष काम केलेल्या महिन्यांवरूनच गुण द्यावेत. त्या महिन्यांतील प्रलंबित तक्रारींचे त्यांचे प्रमाण कक्षात सर्वांत कमी असल्याचे नोंदींवरून दिसते. तेव्हा ३ हा आकडा कशावरून आला, हे आपण स्वतंत्रपणे कळवावे.

स्विच पुरवठादाराशी पत्रव्यवहार पाहणाऱ्या सहायकांना आपण “इंग्लिश मेल लिहिता येत नाही” असे म्हटले आहे. त्यांची पत्रे मी पाहिली. भाषा साधी आहे, पण कळते. तक्रारी परत येतात त्या पत्रात बारा अंकी व्यवहार संदर्भ क्रमांक किंवा एटीएमचा क्रमांक राहून गेल्यामुळे. “पुरवठादाराला पाठवायच्या पत्रात व्यवहाराचा दिनांक, रक्कम, संदर्भ क्रमांक आणि एटीएमचा क्रमांक हे चारही तपशील असल्याची खात्री करूनच पत्र पाठवावे” एवढे पुरेसे आहे. इंग्रजीच्या वर्गाची शिफारस मी अर्जातून वगळली आहे.

शेवटचा शेरा कौतुकाचा आहे : “एकदम भारी पोरगा. काही बोलायचंच नाही.” तोही असा ठेवता येत नाही, कारण बढती समितीला यातून काहीच कळणार नाही आणि त्या कर्मचाऱ्यालाही आपण नेमके काय चांगले केले ते समजणार नाही. नोव्हेंबरमधील पंचवटी शाखेच्या खातेदाराचे प्रकरण आपण विसरला असाल. केवायसी अद्ययावत करण्याच्या बहाण्याने त्यांच्याकडून ओटीपी काढून घेण्यात आला होता. ओटीपी खातेदाराने स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याच्याकडे आणि कळवल्यानंतरचे बँकेकडे, असे रिझर्व्ह बँकेच्या सहकारी बँकांसाठीच्या २०१७ मधील परिपत्रकाचे तत्त्व आहे. म्हणजे कळवल्याची वेळ हाच अशा प्रकरणातील कळीचा मुद्दा असतो. त्यावरून मजकूर असा केला आहे :

“नोव्हेंबर २०२४ मधील फसवणुकीच्या तक्रारीत आपण खातेदार दूरध्वनीवर असतानाच कार्ड आणि यूपीआय बंद केले, सूचना मिळाल्याची वेळ तक्रारीत मिनिटासह नोंदवली आणि खातेदाराला १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तत्काळ तक्रार करण्यास सांगितले. यामुळे पुढील व्यवहार थांबले आणि दायित्व ठरवताना वाद उरला नाही. येत्या वर्षी फसवणुकीच्या तक्रारी कशा नोंदवाव्यात, याचे प्रात्यक्षिक आपण इतर सहकाऱ्यांना द्यावे, तसेच तिमाही अहवालाचा पहिला मसुदा तयार करण्याची जबाबदारी घ्यावी.”

त्यांच्यात सुधारणेला वाव असलेली एखादी बाब आपल्याला दिसत असल्यास तीही लिहावी. सलग दुसऱ्या वर्षी हा रकाना कोरा आहे.

सुधारित मजकुरात वस्तुस्थितीला सोडून काही आढळल्यास तसे समासात लिहून द्यावे. उशिराच्या तारखांची यादी, लेखी सूचनेची प्रत असल्यास ती आणि ३ गुणांविषयीचा खुलासा दि. १६ एप्रिलपर्यंत या विभागाकडे पोहोचावा. त्यानंतर प्रत्येक कर्मचाऱ्याशी आपण स्वतंत्र चर्चा करावी, अर्ज चर्चेच्या किमान एक दिवस आधी त्यांच्या हाती द्यावा आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत शेवटच्या रकान्यात लिहू द्यावे.

आपली विश्वासू,
उपव्यवस्थापक, मनुष्यबळ विकास विभाग