ग्राहकांसाठी निवेदन

सदाशिव पेठेतील आमच्या मिठाईच्या दुकानाविषयी कालपासून व्हॉट्सॲपवर फिरत असलेला संदेश खोटा आहे. त्यातील मजकूर आम्ही येथे मुद्दाम देत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये घेतलेला आमचा परवाना दर्शनी भागात लावलेला असून, दूध-खव्याच्या खरेदीची रोजची नोंदवही गल्ल्यावर मागितल्यास कोणालाही पाहता येईल. पदार्थ तयार होत असताना, सकाळी ७ ते ९ या वेळेत, भटारखानाही अवश्य पाहावा. (दुपारी १ ते ४ दुकान पेठेच्या रिवाजाप्रमाणे बंदच असते, त्याचा वेगळा अर्थ काढू नये.) तो संदेश ज्यांच्याकडे आला असेल, त्यांनी तो आमची बाजू घेण्यासाठीसुद्धा पुढे पाठवू नये, शंका असल्यास थेट दुकानात येऊन विचारावे.