गिलाव्याचा माल कालवताना: गुणोत्तर व प्रमाणावरील एक सोडवलेले उदाहरण

उदाहरण

एका घरात जिन्याजवळच्या भिंतीचा गिलावा ओलीमुळे फुगून पोकळ वाजू लागला होता. आई आणि तिची आठवीत शिकणारी मुलगी यांनी तो सुटलेला भाग छिन्नीने काढून टाकला आणि कडा सरळ कापून घेतल्या. आता उघड्या पडलेल्या आयताकृती भागाची लांबी १५० सेंटीमीटर व उंची ८० सेंटीमीटर असून त्यावर सरासरी १५ मिलिमीटर जाडीचा नवा गिलावा करायचा आहे. त्यासाठी सिमेंट व वाळू घनफळाने १ : ४ या प्रमाणात घ्यायचे ठरले आहे. मोजण्यासाठी घरात ३ लिटरचा एक डबा आहे.

पुढील माहिती दिली आहे. पाणी घालून कालवलेल्या मालाचे घनफळ आणि त्यासाठी लागणाऱ्या सुट्या कोरड्या साहित्याचे एकूण घनफळ यांचे गुणोत्तर ३ : ४ धरावे. भिंतीतील खळगे आणि सांडलवंड लक्षात घेऊन, हिशेबाने येणाऱ्या कोरड्या साहित्यापेक्षा २५ टक्के जास्त साहित्य घ्यावे. उपलब्ध वाळू ओलसर असून ओलीमुळे तिचे घनफळ कोरड्या वाळूपेक्षा २५ टक्के वाढलेले आहे आणि तिच्यातील पाण्याचे वजन कोरड्या वाळूच्या वजनाच्या ५ टक्के आहे. १ लिटर सिमेंटचे वजन १.४४ किलोग्रॅम, तर १ लिटर कोरड्या वाळूचे वजन १.६ किलोग्रॅम धरावे. पाणी आणि सिमेंट यांच्या वजनांचे गुणोत्तर ३ : ५ ठेवायचे आहे.

(अ) एकूण किती लिटर कोरडे साहित्य लागेल?
(आ) त्यात सिमेंट व कोरडी वाळू किती लिटर असेल?
(इ) ओलसर वाळू किती डबे घ्यावी? ओलीचा विचार न करता ८ डबे ओलसर वाळू घेतली, तर प्रत्यक्षात सिमेंट व वाळूचे प्रमाण काय होईल?
(ई) सिमेंट व कोरडी वाळू यांच्या वजनांचे गुणोत्तर काढा आणि वरून किती पाणी घालावे लागेल ते सांगा.
(उ) मोजणी चुकून २ डबे सिमेंटवर १२ डबे ओलसर वाळू पडली आणि दोन्ही कोरडेच एकत्र कालवले गेले. ठरलेले प्रमाण परत आणण्यासाठी काय करावे?

उकल

(अ) सर्व मापे सेंटीमीटरमध्ये घेतली, तर जाडी १.५ सेंटीमीटर होते. म्हणून भिंतीवर बसणाऱ्या मालाचे घनफळ १५० × ८० × १.५ = १८,००० घन सेंटीमीटर, म्हणजे १८ लिटर येते. जाडी मिलिमीटरमध्येच ठेवून गुणाकार केल्यास उत्तर दहापट येते, आणि या उदाहरणात सर्वांत जास्त गुण येथेच जातात.

कालवलेला माल १८ लिटर हवा, म्हणून १८ लिटरच साहित्य घेणे पुरत नाही. वाळूच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. कालवताना सिमेंटचे बारीक कण आणि पाणी त्या पोकळ्यांत जाऊन बसतात, त्यामुळे कालवल्यावर ढीग आकाराने लहान होतो. कोरडे साहित्य क लिटर मानल्यास

३ : ४ = १८ : क, म्हणून ३ × क = ४ × १८, म्हणून क = २४.

यावर २५ टक्के वाढ धरली की २४ × ५/४ = ३० लिटर कोरडे साहित्य लागेल.

(आ) येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. १ : ४ हे प्रमाण वाचून अनेक विद्यार्थी एकूण साहित्याचा चौथा भाग सिमेंट धरतात आणि ३० ÷ ४ = ७.५ लिटर सिमेंट असे उत्तर लिहितात. मग उरलेली वाळू २२.५ लिटर होते. पण ७.५ : २२.५ हे गुणोत्तर सोडवून पाहिले तर ते १ : ३ येते, म्हणजे ठरवलेले प्रमाणच बदलून जाते. १ : ४ हे सिमेंटची वाळूशी तुलना सांगते, एकूण साहित्याशी नव्हे. सिमेंटचा १ भाग आणि वाळूचे ४ भाग मिळून एकूण ५ भाग होतात. म्हणून सिमेंट हे एकूण साहित्याच्या एकपंचमांश असते, एकचतुर्थांश नसते.

सिमेंट न लिटर मानले, तर वाळू ४न लिटर.
न + ४न = ३०, म्हणून ५न = ३०, म्हणून न = ६.

म्हणून सिमेंट ६ लिटर, म्हणजे २ डबे, आणि कोरडी वाळू २४ लिटर, म्हणजे ८ डबे. ताळा: ६ + २४ = ३० आणि ६ : २४ = १ : ४. दोन्ही अटी जुळल्या पाहिजेत. केवळ बेरीज जुळली म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही, कारण ७.५ आणि २२.५ यांचीही बेरीज ३० येते.

(इ) वाळू ओलसर झाली की तिच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि तो कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो. त्यामुळे तीच वाळू जास्त जागा व्यापते. (पाण्यात पूर्ण बुडालेली वाळू मात्र पुन्हा जवळजवळ कोरड्या वाळूइतक्याच घनफळावर येते, ही गोष्ट बरणीत वाळू भरून सहज पाहता येते.) कोरड्या वाळूचे घनफळ ४ भाग असेल, तर २५ टक्के फुगलेल्या ओलसर वाळूचे ५ भाग होते. म्हणून

४ : ५ = २४ : ख, म्हणून ४ × ख = १२०, म्हणून ख = ३० लिटर, म्हणजे १० डबे.

आता समजा आईने सवयीप्रमाणे ८ डबेच ओलसर वाळू घेतली. ८ डबे म्हणजे २४ लिटर; पण त्यातील खरी वाळू २४ × ४/५ = १९.२ लिटर एवढीच आहे. सिमेंट ६ लिटरच असल्याने प्रमाण ६ : १९.२ होते. दोन्ही पदांना १० ने गुणून ६० : १९२ आणि १२ ने भागून ५ : १६, म्हणजेच १ : ३.२ मिळते.

सिमेंट जास्त पडले तर बिघडले कुठे, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. सिमेंट जास्त असलेला गिलावा वाळताना जास्त आकसतो आणि त्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात. पुढे त्याच भेगांतून पाणी आत शिरते, म्हणजे ज्या ओलीमुळे दुरुस्ती करावी लागली तिलाच पुन्हा वाट मिळते. शिवाय साहित्याची बेरीज ६ + १९.२ = २५.२ लिटरच भरते आणि ठरलेल्या ३० लिटरपेक्षा ४.८ लिटर कमी पडते.

(ई) वजने काढू. सिमेंट ६ × १.४४ = ८.६४ किलोग्रॅम आणि कोरडी वाळू २४ × १.६ = ३८.४ किलोग्रॅम.

८.६४ : ३८.४ = ८६४ : ३८४० = ९ : ४०.

घनफळाने १ : ४ असलेले प्रमाण वजनाने १ : ४, म्हणजे १० : ४०, येत नाही, ९ : ४० येते, कारण सिमेंट आणि वाळू यांचे प्रत्येक लिटरचे वजन सारखे नाही. म्हणून प्रमाण लिहिताना ते घनफळाचे आहे की वजनाचे, हे लिहिणे अनिवार्य आहे.

पाणी व सिमेंट यांच्या वजनांचे गुणोत्तर ३ : ५ आहे, म्हणून एकूण पाणी ८.६४ × ३/५ = ५.१८४ किलोग्रॅम. यातले काही पाणी वाळूतून आधीच येणार आहे: ३८.४ × ५/१०० = १.९२ किलोग्रॅम. म्हणून वरून घालायचे पाणी ५.१८४ − १.९२ = ३.२६४ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ३.३ लिटर. उत्तरपत्रिकेत तीन दशांश स्थळे लिहावीत. बादलीने पाणी ओतणाऱ्याला मात्र ३ लिटर आधी घालून उरलेले हळूहळू, माल थापीला नीट चिकटेपर्यंत घालणेच सोयीचे पडते.

माल घट्ट होण्यापूर्वी संपला पाहिजे, म्हणून तो दोनदा कालवायचा असेल, तर प्रत्येक वेळी प्रत्येक घटक निम्मा घ्यावा: १ डबा सिमेंट, ५ डबे ओलसर वाळू आणि सुमारे १.६ लिटर पाणी. प्रमाण कोठेही बदलत नाही.

(उ) १२ डबे ओलसर वाळूत खरी वाळू १२ × ४/५ = ९.६ डबे आहे. सिमेंट २ डबे आहे, म्हणून सध्याचे प्रमाण २ : ९.६ = १ : ४.८. एकदा एकत्र कालवलेल्या ढिगातून फक्त वाळू काढून घेता येत नाही. दोन डबे ढीग बाजूला सारला, तरी त्याबरोबर सिमेंटही त्याच प्रमाणात जाते आणि गुणोत्तर १ : ४.८ च राहते. मुलीने नेमकी हीच शक्कल सुचवली होती. तेव्हा वाढवता येते ते सिमेंटच.

आणखी स डबे सिमेंट घातले असे मानू.
(२ + स) : ९.६ = १ : ४
४ × (२ + स) = ९.६
२ + स = २.४, म्हणून स = ०.४ डबा, म्हणजे १.२ लिटर.

ताळा: २.४ : ९.६ = १ : ४. आता कोरडे साहित्य २.४ + ९.६ = १२ डबे, म्हणजे ३६ लिटर झाले. ते ठरलेल्या ३० लिटरच्या ६/५ पट आहे, म्हणून पाणीही त्याच पटीत, ३.२६४ × ६/५ = सुमारे ३.९ लिटर लागेल. जादा ६ लिटर साहित्याचा ६ × ३/४ = ४.५ लिटर माल होतो. तो शेजारचे खळगे भरण्यास वापरता येईल.

सरावासाठी

त्याच भिंतीच्या तळाशी निखळलेल्या विटा पुन्हा बसवायच्या आहेत. त्यासाठी सिमेंट व वाळू घनफळाने १ : ६ या प्रमाणात घेऊन एकूण २१ लिटर कोरडे साहित्य हवे आहे. वाळू वरच्यासारखीच ओलसर आहे आणि डबाही तोच आहे. सिमेंट किती डबे व ओलसर वाळू किती डबे घ्यावी? सिमेंटचे वजन किती भरेल?

(उत्तर: सिमेंट १ डबा, ओलसर वाळू ७.५ डबे, सिमेंटचे वजन ४.३२ किलोग्रॅम. ज्यांचे वाळूचे उत्तर ६ डबे आले, त्यांनी प्रश्न (इ) ची उकल पुन्हा वाचावी. ज्यांचे सिमेंट ३.५ लिटर आले, त्यांनी प्रश्न (आ) ची.)