शतक, दशक, एकक: तीन अंकी संख्या उलगडू या (इयत्ता तिसरी)

संक्रांत जवळ आली होती. बचत गटातल्या बायकांनी तिळाच्या वड्या थापल्या आणि मोठ्या परातीत काढून ठेवल्या. सायली आणि आरिफ मोजायला बसले. एक, दोन, तीन... साठ-सत्तरपर्यंत गेले, तेवढ्यात कुणीतरी सायलीला हाक मारली आणि मोजणी विसरली. पुन्हा पहिल्यापासून!

मीनाकाकू म्हणाल्या, "अरे, असं मोजत बसलात तर संक्रांत निघून जाईल. दहा वड्यांचा एक पुडा बांधा. दहा पुडे झाले की एका डब्यात भरा."

थोड्या वेळाने त्यांच्यासमोर होते ३ भरलेले डबे, ४ पुडे आणि ७ सुट्या वड्या. आता सांगा बघू, एकूण वड्या किती?

एका पुड्यात १० वड्या. एका डब्यात १० पुडे, म्हणजे १०० वड्या. आपल्या गणिताच्या भाषेत सुटी वडी म्हणजे एकक, पुडा म्हणजे दशक आणि डबा म्हणजे शतक. वहीत दर वेळी पूर्ण नाव लिहायला नको म्हणून आपण श, द, ए एवढंच लिहितो.

| | श | द | ए |
|---|---|---|---|
| किती आहेत? | ३ | ४ | ७ |
| म्हणजे किती वड्या? | ३०० | ४० | ७ |

खालच्या ओळीतल्या संख्यांच्या मधे अधिकची चिन्हं टाका:

३४७ = ३०० + ४० + ७

हेच ३४७ चं विस्तारित रूप. एवढंच करायचं असतं! संख्या उलगडायची आणि प्रत्येक अंक किती किमतीचा आहे ते उघड लिहायचं. ३४७ मधला ४ हा नुसता चार नाही, ते चार दशक आहेत, म्हणजे ४०. या ४० ला ४ ची स्थानिक किंमत म्हणतात.

कधी कधी पुस्तकात असंही लिहिलेलं दिसेल: ३ शतक + ४ दशक + ७ एकक. किंवा ३ × १०० + ४ × १० + ७ × १. घाबरू नका, तिन्हींचा अर्थ एकच.

तेच अंक, घर वेगळं

आता ३, ४, ७ हेच अंक घ्या आणि त्यांची घरं बदला.

| संख्या | श | द | ए | विस्तारित रूप |
|---|---|---|---|---|
| ३४७ | ३ | ४ | ७ | ३०० + ४० + ७ |
| ४७३ | ४ | ७ | ३ | ४०० + ७० + ३ |
| ७३४ | ७ | ३ | ४ | ७०० + ३० + ४ |

फक्त ७ कडे बघत खाली या. पहिल्या ओळीत तो ७, दुसरीत ७०, तिसरीत ७००. अंक तोच, पण एक घर डावीकडे सरकला की त्याची किंमत दहापट होते. ५५५ मध्ये तर तिन्ही घरांत ५ च आहे, तरी ५५५ = ५०० + ५० + ५. कुठलेही दोन ५ सारख्या किमतीचे नाहीत.

शून्याचं काम

दुसऱ्या दिवशी ४ डबे भरले आणि ८ वड्या सुट्या उरल्या. पुडा एकही नाही. आरिफने पाटीवर लिहिलं ४८.

सायली म्हणाली, "अरे, चार डबे भरलेत आणि वड्या फक्त अठ्ठेचाळीस?"

तक्ता काढला की चूक लगेच दिसते.

| श | द | ए |
|---|---|---|
| ४ | ० | ८ |

दशकाच्या घरात कुणी नाही, म्हणून तिथे ० लिहायचं. ते घर रिकामं आहे हे शून्य सांगतं आणि ४ ला शतकाच्याच घरात राहू देतं. शून्य गाळलं की ४ सरकून दशकात येतो आणि ४०० चे होतात ४०.

४०८ = ४०० + ० + ८

मधला ० नाही लिहिला आणि ४०० + ८ असं लिहिलं तरी चालेल, कारण शून्य मिळवून काही वाढत नाही. पण संख्या लिहिताना मात्र शून्य कधीच गाळायचं नाही. ४६० = ४०० + ६० आणि ४०० = ४०० + ० + ० हेही असंच.

ऐकून लिहिताना सावध!

ही जागा नीट वाचा, इथे भलेभले फसतात.

बाईंनी सांगितलं, "दोनशे त्रेसष्ट." कानावर आधी काय पडलं? 'त्रे', म्हणजे तीन. 'सष्ट', म्हणजे साठ, नंतर आलं. आपण ऐकलं त्या क्रमाने लिहीत गेलो तर २३६ होईल. पण साठ म्हणजे ६ दशक. ते द खाली जाणार आणि ३ ए खाली.

| ऐकलं | श | द | ए | विस्तारित रूप |
|---|---|---|---|---|
| दोनशे त्रेसष्ट | २ | ६ | ३ | २०० + ६० + ३ |
| पाचशे अठ्ठावीस | ५ | २ | ८ | ५०० + २० + ८ |
| एकशे एकोणनव्वद | १ | ८ | ९ | १०० + ८० + ९ |

तिसरी ओळ बघा. ऐकू येतं 'नव्वद', पण द खाली आहे ८! 'एकोण' म्हणजे एक कमी. नव्वदला एक कमी म्हणजे ८९. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळ्यांचं असंच. शेवटी जे नाव ऐकू येतं, त्याच्या आधीचा दशक द खाली लिहायचा. नव्व्याण्णव मात्र या रांगेत बसत नाही. त्याला कुणी 'एकोणशंभर' म्हणत नाही.

म्हणून बाई संख्या सांगत असतील तेव्हा आधी श, द, ए लिहून ठेवा आणि अंक थेट घरात टाका.

उलट्या बाजूने

कुणी विस्तारित रूप दिलं, तर संख्या ओळखता यायला हवी. ६०० + २० + ५ म्हणजे ६२५. हे सोपं.

आता ७० + २ + ९०० बघा. इथे क्रम मुद्दाम बिघडवला आहे. ९०० श खाली, ७० द खाली, २ ए खाली. झालं ९७२.

आणि ८०० + ३? काही मुलं ८०० लिहितात आणि पुढे ३ चिकटवतात: ८००३. ही तर चार अंकी संख्या झाली! तक्त्यात ८ श खाली, ३ ए खाली आणि मधे ०. उत्तर ८०३.

एक जरा अवघड गंमत. २ डबे, १३ पुडे आणि ५ वड्या असतील तर? २१३५ नाही हं. एका घरात एकच अंक राहू शकतो. दहा पुडे झाले की त्यांचा डबा भरायचा. १३ पुड्यांतले १० गेले, उरले ३. डबे झाले ३. म्हणून ३३५ = ३०० + ३० + ५.

आपल्या आजूबाजूच्या संख्या

वर्षाचे दिवस ३६५, म्हणजे ३०० + ६० + ५. लीप वर्षात फेब्रुवारीला एक दिवस जास्त मिळतो, तेव्हा ३६६. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार निवडून येतात. २८८ = २०० + ८० + ८. यातले दोन ८ एकाच किमतीचे आहेत का? दिल्लीत लोकसभेत ५४३ जागा आहेत. ५४३ चा तक्ता तुम्हीच काढा आणि 'त्रेचाळीस' नीट ऐका.

वहीत सोडवा

१. श, द, ए चा तक्ता काढून विस्तारित रूप लिहा: ५१६, २९०, ७०४, ८८८.

२. संख्या ओळखा: ६० + ३०० + २, ९ + ५००, ७०० + ८०, ४ + १० + ९००.

३. आधी तक्त्यात मांडा, मग विस्तारित रूप लिहा: चारशे एकोणपन्नास, सहाशे सात, दोनशे पंच्याण्णव, आठशे एकोणऐंशी.

४. २६४, ६३८ आणि ९०६ या संख्यांत ६ ची किंमत किती किती?

५. सायलीने लिहिलं ६५० = ६०० + ५. आरिफने लिहिलं ३०५ = ३०० + ५०. गुड्डीने लिहिलं ७१२ = ७०० + १० + २. बरोबर कोण? बाकीच्यांची चूक दुरुस्त करा.

६. मीनाकाकूंच्या गल्ल्यात १०० रुपयांच्या ४ नोटा, १० रुपयांच्या ७ नोटा आणि १ रुपयाची ३ नाणी आहेत. एकूण रुपये किती?

७. १ डबा, ९ पुडे आणि १२ सुट्या वड्या. एकूण वड्या किती? (घाई करू नका.)

८. ओळखा मी कोण! माझ्या ए खाली ० आहे. श खालचा अंक द खालच्या अंकाच्या दुप्पट आहे. तिन्ही अंकांची बेरीज ९.

दोघांचा खेळ

० ते ९ अंकांच्या दहा चिठ्ठ्या करा. दोघांनीही वहीत श, द, ए काढा. आळीपाळीने एकेक चिठ्ठी उचला आणि तो अंक लगेच कुठल्यातरी एका घरात लिहा. एकदा लिहिला की हलवायचा नाही. तिन्ही घरं भरली की आपल्या संख्येचं विस्तारित रूप मोठ्याने वाचा. मोठी संख्या ज्याची, तो जिंकला. श खाली ० लिहिलं तर डाव गेला, कारण मग संख्या तीन अंकी राहतच नाही. पहिलीच चिठ्ठी ५ ची आली तर ती कुठे लिहाल? इथेच खरी मजा आहे.

उत्तरं (सोडवून झाल्यावरच बघा!)

१. ५०० + १० + ६. २०० + ९० + ०. ७०० + ० + ४. ८०० + ८० + ८.

२. ३६२, ५०९, ७८०, ९१४.

३. ४४९ = ४०० + ४० + ९; ६०७ = ६०० + ० + ७; २९५ = २०० + ९० + ५; ८७९ = ८०० + ७० + ९.

४. ६०, ६००, ६.

५. गुड्डी बरोबर. ६५० = ६०० + ५० आणि ३०५ = ३०० + ५.

६. ४०० + ७० + ३ = ४७३ रुपये.

७. १२ वड्यांचा १ पुडा आणि २ सुट्या. आता पुडे झाले १०, त्यांचा भरला १ डबा. एकूण २ डबे, ० पुडे, २ वड्या: २०२.

८. ६३० = ६०० + ३० + ०.