बेटावरच्या प्रजातींचा समतोल: आगमन दर आणि लोप दर

बी.एस्सी. भाग १, परिस्थितिकी असाइनमेंट, कोल्हापूर

समुद्रातल्या एखाद्या बेटावर पक्ष्यांच्या किती प्रजाती राहतील? रॉबर्ट मॅकआर्थर आणि ई. ओ. विल्सन यांनी १९६३ च्या लेखात आणि नंतर १९६७ च्या ग्रंथात याचं उत्तर दोन दरांवर उभं केलं. आगमन दर म्हणजे दरवर्षी मुख्यभूमीवरून नव्याने येऊन स्थिरावणाऱ्या प्रजाती. लोप दर म्हणजे दरवर्षी त्या बेटावरून नाहीशा होणाऱ्या प्रजाती. इथे लोप फक्त त्या बेटापुरता आहे, ती प्रजाती मुख्यभूमीवर सुखाने नांदत असू शकते.

आलेख काढण्यासाठी मी एक काल्पनिक बेट घेतलं. मुख्यभूमीवर १०० प्रजाती, आणि बेटावर आधीच असलेल्या प्रजाती S.

```
I = 10 - 0.10 S
E = 0.15 S
```

आलेख १. आडवा अक्ष: प्रजातींची संख्या. उभा अक्ष: दरवर्षी किती प्रजाती. I आगमन, E लोप, X छेदनबिंदू.

```
10 |I                   E
 8 |      I         E
 6 |            X
 4 |        E         I
 2 |    E                   I
 0 |E-----------------------------I
    0     20    40    60    80    100
```

आगमनाची रेषा उतरते, कारण बेट भरत जाईल तशा मुख्यभूमीवर ‘अजून न आलेल्या’ प्रजाती कमी उरतात. लोपाची रेषा चढते, कारण जितक्या प्रजाती जास्त, तितक्या नाहीशा होण्याची शक्यता असलेल्याही जास्त. शिवाय जागा तेवढीच असल्याने प्रत्येकीची संख्या घटते आणि स्पर्धा वाढते. प्रत्यक्षात या रेषा सरळ नसून वक्र असतात. लांब उडू शकणाऱ्या प्रजाती आधीच पोहोचतात, म्हणून आगमनाचा वक्र सुरुवातीला झपाट्याने घसरतो. मी सरळ रेषा घेतल्या त्या हिशेब हाताने करता यावा म्हणून.

रेषा ४० वर छेदतात. एखाद्या वादळात संख्या ३० वर आली, तर आगमन ७ आणि लोप ४.५, म्हणजे वर्षाला २.५ ची भर. ५० झाली, तर आगमन ५ आणि लोप ७.५, म्हणजे तेवढीच घट. दोन्ही बाजूंनी बेट ४० कडेच परत येतं, म्हणून हा समतोल स्थिर आहे.

पण स्थिर म्हणजे थांबलेला नव्हे, आणि मला या सिद्धांतातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच वाटतो. छेदनबिंदूची उंची ६ आहे. दरवर्षी ६ प्रजाती येतात आणि ६ जातात. रंकाळा काठोकाठ भरून सांडव्यावरून पाणी वाहत असताना पातळी तीच दिसते, पाणी मात्र बदलत असतं.

आलेख २ साठी त्याच अक्षांवर आणखी दोन रेषा काढल्या. बेट दूर असेल तर आगमन अर्धं धरलं (I = 5 - 0.05 S), लहान असेल तर लोप दुप्पट (E = 0.30 S). चार छेदनबिंदू असे मिळाले:

| बेट | प्रजाती | वार्षिक बदल |
|---|---|---|
| जवळचं, मोठं | ४० | ६ |
| दूरचं, मोठं | २५ | ३.७५ |
| जवळचं, लहान | २५ | ७.५ |
| दूरचं, लहान | सुमारे १४ | सुमारे ४.३ |

मधल्या दोन ओळी पाहा. दोन्हीकडे प्रजाती २५, पण जवळच्या लहान बेटावर उलाढाल बरोबर दुप्पट. नुसती मोजणी केली तर दोन्ही बेटं सारखीच वाटतील.

प्रत्यक्षातही असं दिसलं आहे. १८८३ च्या उद्रेकाने क्राकाताऊची जीवसृष्टी नष्ट झाली. तिथल्या राकाटा बेटावर १९१९-२१ मध्ये निवासी पक्ष्यांच्या २७ प्रजाती होत्या, १९३२-३४ मध्येही २७. मात्र मधल्या काळात ५ गेल्या आणि ५ नव्या आल्या. पुढे विल्सन आणि सिम्बरलॉफ यांनी फ्लोरिडातल्या चिमुकल्या खारफुटी बेटांवर तंबू घालून धुरी दिली आणि कीटक मारले. वर्षभरातच बहुतेक बेटांवर प्रजातींची संख्या पूर्वीइतकी झाली. मागे राहिलं ते सर्वांत दूरचं बेट.

आपल्याकडे समुद्र नाही, पण बेटं आहेत. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरच्या कातळावर वाढणाऱ्या वनस्पतींना भोवतालची दरी ओलांडणं सोपं नाही. उसाच्या शिवारात उरलेली देवराईही तशीच. फरक एवढाच, की ऊस म्हणजे खारं पाणी नव्हे. बुलबुल तो सहज ओलांडतो, दाट सावलीतली गोगलगाय नाही. म्हणून देवराईसाठी आगमनाची एकच रेषा काढणं मला चुकीचं वाटतं. पक्ष्यांची वेगळी आणि गोगलगायींची वेगळी काढावी लागेल, आणि गोगलगायींची बरीच खाली असेल.

आमच्या गावच्या देवराईत पक्षी मोजायचे झाले, तर वहीत फक्त आकडा न लिहिता प्रत्येक प्रजातीचं नाव लिहीन आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तीच यादी पुन्हा करीन. दोन्ही वर्षी २५ आले, तर पहिल्या यादीतली किती नावं दुसरीत नाहीत, ते आधी पाहीन.